फोटोत सहा, तक्त्यात दोन

प्रबंध सोमवारी जमा करायचा होता. त्याच्या आधीच्या सोमवारी दुपारी मी फोटोंखालच्या ओळी लिहीत बसले होते. हे काम सगळ्यात शेवटी उरतं आणि सगळ्यात कमी डोकं लागेल असं वाटतं. बाहेर जून तापलेला होता, लाइट दोनदा जाऊन आली होती आणि पहिल्या तीन प्रकरणांच्या प्रती बाइंडिंगवाल्याकडे पोचल्याही होत्या.

माझा विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. राळेगावकडच्या एका गावात ओळखीच्या काकांच्या शेतात प्रयोग लावला होता. सात ट्रीटमेंट, म्हणजे फवारणीचे सात पर्याय, आणि चार रेप्लिकेशन, म्हणजे तेच सातही पर्याय चार ओळींत चारदा, असे अठ्ठावीस प्लॉट. टी म्हणजे ट्रीटमेंट, आर म्हणजे रेप्लिकेशनची ओळ. सातांपैकी तिघांचंच इथं काम आहे. टी-१ म्हणजे ५ टक्के निंबोळी अर्क, टी-४ म्हणजे इमामेक्टिन बेंझोएट, आणि टी-७ म्हणजे कंट्रोल, ज्यावर काहीच फवारलं नव्हतं. दर पंधरवड्याला प्रत्येक प्लॉटमधून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची आणि किती किडली ते लिहायचं. बोंड फोडावंच लागतं. अळी बारीक असताना आत शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं, आत सरकीपर्यंत खाल्लेलं असतं.

फोटो होता चौथ्या पाहणीतला, २१ नोव्हेंबर २०२३ चा. पोत्यावर टी-७, आर-४ अशी पाटी, तिच्या एका बाजूला चांगली बोंडं, दुसऱ्या बाजूला किडलेली. ओळ लिहायची म्हणून किडलेली मोजली. सहा होती. तक्त्यात पाहिलं तर आर-४ च्या कंट्रोलमध्ये त्या दिवशी वीसपैकी दोन.

आधी वाटलं, पाटी चुकून दुसऱ्या प्लॉटची ठेवली असेल. मग लक्षात आलं, वीस बोंडांत दोन किडलेली म्हणजे १० टक्के. न फवारलेल्या प्लॉटमध्ये, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, फक्त १० टक्के? बाजूच्या काकांच्या पऱ्हाटीत त्या वेळी दर तिसरं बोंड किडकं निघत होतं. हा आकडा मी सात महिने तक्त्यात बघत होते आणि एकदाही खटकला नव्हता.

फील्ड बुक काढलं. त्यात आर-४ च्या सात ओळींत पहिला आकडा सहा होता आणि शेवटचा दोन. एक्सेलमध्येही तेच, त्याच क्रमानं. आकडे उतरवताना चूक झालेली नव्हती. एक्सेलमध्ये त्या सहाच्या शेजारी टी-४ लिहिलं होतं आणि दोनच्या शेजारी टी-७.

पाच-दहा मिनिटं नुसती बसून राहिले. मग उठून लेआउटचा कागद आणला.

झालं होतं ते असं. कागदावर प्रत्येक रेप्लिकेशनची ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. एक्सेलमधला ट्रीटमेंटचा रकाना मी प्रयोग लावायच्या आधीच, त्या कागदावरून भरून ठेवला होता. शेतात मात्र कोणी डावीकडून उजवीकडे जाऊन, रिकाम्या हातानं परत डावीकडे येऊन दुसरी ओळ सुरू करत नाही. पहिली ओळ संपली की जिथं उभे आहोत तिथूनच दुसरीत शिरायचं आणि उलटं यायचं. शेतात बैल वळतो तसं. फील्ड बुकमध्ये मी फक्त एक ते अठ्ठावीस अनुक्रमांक टाकले होते आणि पुढं बोंडांचा आकडा. टी नाही, आर नाही. पाटी प्लॉटवर लावलेलीच होती, मग परत कशाला लिहायचं, असा शहाणपणा.

म्हणजे आर-१ आणि आर-३ बरोबर, आणि आर-२, आर-४ पूर्ण उलटे. सातपैकी मधला, चौथा प्लॉट तेवढा कुठूनही मोजला तरी चौथाच, म्हणून तो वाचला. बाकी सहांची नावं आपसांत बदललेली.

हे सगळ्या ट्रीटमेंटचं सारखंच वाटोळं करत नाही, म्हणून लगेच कळत नाही. प्रत्येक ओळीत ट्रीटमेंटचा क्रम वेगळा असतो, चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आर-२ मध्ये निंबोळी दुसऱ्या जागी होती आणि इमामेक्टिन सहाव्या, म्हणजे एकमेकांचे आरसे. तिथं निंबोळीची पाच किडकी बोंडं इमामेक्टिनच्या नावावर गेली आणि इमामेक्टिनची दोन निंबोळीच्या. आर-४ मध्ये इमामेक्टिन पहिलं आणि कंट्रोल शेवटचं. तिथं कंट्रोलची सहा इमामेक्टिनच्या माथी बसली, आणि कंट्रोल दोनवर सुटलं. निंबोळी त्या ओळीत मधोमध होती, तिला काही झालं नाही.

त्या एका दिवसाची बेरीज कागदावर मांडून पाहिली. माझ्या तक्त्यात निंबोळीची चार ओळींत चौदा बोंडं किडलेली, म्हणजे ८० पैकी १४, साडेसतरा टक्के. इमामेक्टिनची सोळा, म्हणजे २० टक्के. नावं सरळ केल्यावर निंबोळीची सतरा झाली, २१.२५ टक्के, आणि इमामेक्टिनची नऊ, ११.२५ टक्के. कंट्रोल ३० वरून ३५ वर गेलं.

माझ्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष होता, निंबोळी अर्क इमामेक्टिनच्या बरोबरीनं काम करतो. आमच्या भाषेत ‘ॲट पार’.

मला सगळ्यात लाज वाटली ती चर्चेच्या प्रकरणाची. निंबोळी इतकी चांगली का ठरली याचं दीड पान स्पष्टीकरण मी लिहिलं होतं, आणि ते वाचायला चांगलं होतं. अंडी घालण्यावर परिणाम, मित्रकीटक शाबूत राहणं, सगळं जागच्या जागी. सीव्ही, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, ३१ टक्के आला होता, तर त्यालाही शेताचा उतार आणि जमिनीतला फरक असं कारण दिलं होतं. पण उतार असला तर एका ओळीतले सगळेच प्लॉट कमी किंवा जास्त होतात, आणि तो फरक रेप्लिकेशनच्या खात्यात निघून जातो. माझ्याकडे तीन ओळींत कंट्रोल वर होतं आणि एकीत थेट तळाला. ते उतारानं होत नाही. अठ्ठावीस आकडे ओळीवार मांडून नुसते डोळ्यांनी वाचले असते तरी दिसलं असतं. मी सरासरी वाचत होते, आणि सरासरीत आर-४ चं कंट्रोल तीन भावांमागं लपलं होतं.

रात्री सरांना फोन केला. ते शांतपणे सगळं ऐकून घेतात, आणि त्याचीच भीती वाटते. म्हणाले, ‘‘तू उलटी चालली होतीस हे तुला आठवतं, की आकडे पाहून आता वाटतंय?’’

मी म्हटलं, ‘‘सर, नेहमी तसंच चालायचे मी.’’

‘‘नेहमी म्हणजे पाचही वेळा?’’

मी गप्प.

‘‘मग आधी तेवढं शोध. आकड्यांना हात लावू नकोस. आणि दुरुस्त केल्यावर निकाल कसा येतो ते मला सांगू नकोस, मला ऐकायचं नाही.’’

तेव्हा हे मला हेकटपणाचं वाटलं. नावं सरळ केली की सीव्ही ३१ वरून १४ वर येत होता, कंट्रोल चारही ओळींत सगळ्यांत वर जात होतं, फरक ठळक होत होते. याहून मोठा पुरावा काय हवा? दुसऱ्या दिवशी बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. कंट्रोलमध्ये कीड जास्त असते हे तपासायलाच तर प्रयोग लावला. ते गृहीत धरून मी प्लॉटांना नावं द्यायला लागले, तर जे सिद्ध करायचं तेच मी आकड्यांत घालून ठेवते आहे. अशा रीतीनं अठ्ठावीस आकडे कुठल्याही निकालाच्या बाजूनं लावता येतील. पुरावा असा हवा होता ज्याला बोंडांचा आकडा माहीतच नाही.

असा पुरावा होता, फोटोंत. प्रत्येक प्लॉटमध्ये बोंडं तोडायच्या आधी मी पाटीचा फोटो काढायचे. फोटो कोणत्या वेळी काढला ते कळलं तर मी कोणत्या क्रमानं चालले ते कळणार. लॅपटॉपवरचे फोटो उघडले, तर सगळ्यांची नावं `IMG-20231121-WA0014.jpg` अशी. मीच ते व्हॉट्सॲपवरून लॅपटॉपवर घेतले होते. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि काढल्याची वेळ त्यातून काढून टाकतं. नावात उरते ती तारीख, आणि पुढचा अंक पाठवण्याच्या क्रमाचा. पाठवताना मी बोट लावेन तसे निवडले होते. म्हणजे कामाचे नाहीत.

मूळ फोटो जुन्या मोबाइलमध्ये होते, आणि जुना मोबाइल आता आईकडे होता. मंगळवारी घरी पोचले तेव्हा आई त्याच्यावर कीर्तन ऐकत होती. फोनच्या मेमरीतलं सगळं तिनं ‘जागा भरली’ म्हणून पुसलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. पण कॅमेऱ्याचे फोटो मेमरी कार्डवर जायचे, आणि कार्डाला तिनं हात लावला नव्हता, कारण ते असतं हेच तिला माहीत नव्हतं.

कार्डावर नावं होती `IMG_20231121_081204.jpg` अशी. शेवटचे सहा अंक म्हणजे तास, मिनिट, सेकंद. एकेक पाटी पाहत वहीत उतरवत गेले. ८ वाजून १२ मिनिटांनी जी पाटी होती ती आर-२ ची लेआउटमधली सातवी, मग सहावी, मग पाचवी. तिसऱ्या ओळीत परत पहिलीपासून. चौथ्या ओळीत पुन्हा सातवीपासून, म्हणजे टी-७ सगळ्यांत आधी. कुठंही बोंड मोजायची गरज पडली नाही.

एवढ्यावर थांबले नाही. भावाला बसवलं आणि त्याच्या हातात फक्त फोटो दिले, आकडे नाहीत. त्यानं स्वतंत्र यादी केली, मग दोन्ही ताडून पाहिल्या. पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी पाहणी, चारही वेळा क्रम तोच निघाला, नागमोडी.

तिसऱ्या पाहणीचे, ७ नोव्हेंबरचे, फोटोच नव्हते.

त्या दिवशी माझं कॉलेजात सेमिनार होतं. मोजणी याच भावानं आणि नेहमीच्या एका मावशींनी केली होती. मोबाइल माझ्याबरोबर होता. भावाला विचारलं, तू सुरुवात कुठून केली होतीस? तो विचार करून म्हणाला, ‘‘विहिरीकडून, तू करते तशी. पण थांब. त्या रात्री ओलित झालं होतं. लाइट रात्रीचीच होती ना त्या आठवड्यात. विहिरीकडं चिखल होता. मंग कदाचित धुऱ्याकडून घुसलो असू.’’

मावशी म्हणाल्या, ‘‘मी त बोंडं तोडत होती बाई, मले काय ठाव कोणती वळ पयली.’’

विहिरीकडून सुरू केलं असेल तर आर-२ आणि आर-४ उलटे. धुऱ्याकडून केलं असेल तर सगळंच वेगळं, पहिला आकडा आर-१ चा की आर-४ चा हेही ठरत नाही. रात्री मी दोन्ही प्रकारे लावून पाहिलं, पाहायला नको होतं तरी. विहिरीकडून लावलं की आकडे सुरेख बसत होते. इतके सुरेख की कोणालाही शंका आली नसती. माझी खात्री आजही आहे की भाऊ विहिरीकडूनच गेला असणार.

सरांना सांगितलं, चार पाहण्यांचा पुरावा आहे, एकीचा नाही. आकडे मात्र एका बाजूनं नीट बसतात.

‘‘बसतात म्हणून घ्यायचे?’’

‘‘नाही सर.’’

‘‘मग?’’

‘‘तिसरी पाहणी सोडते.’’

‘‘सोडते म्हणजे गुपचूप नाही. पद्धतीच्या प्रकरणात लिही, पाच पाहण्या झाल्या, एकीत प्लॉटची ओळख पटत नाही म्हणून ती विश्लेषणात नाही. फील्ड बुकचं ते पान परिशिष्टात लाव. कोणाला उद्या तपासायचं असेल तर तपासू दे.’’

मनातून मला ते पान लावायचं नव्हतं. त्यावर आकड्यांपुढं रिकामी जागा आहे, जिथं टी आणि आर लिहायला हवं होतं. तोंडी परीक्षेत कोणीही त्यावर बोट ठेवणार हे मला तेव्हाच दिसत होतं. ठेवलंही. पण ते पुढचं.

बुधवार ते शनिवार नुसतं ओझं वाहणं होतं. वेचणीच्या वजनांत ही चूक नव्हती, कारण कापसाच्या प्रत्येक गाठोड्याला टी आणि आर लिहिलेली चिठ्ठी बांधली होती. त्यामुळं उत्पन्नाचा तक्ता तसाच राहिला, आणि पहिल्यांदाच किडीच्या तक्त्याशी त्याचं जमलं. आधी त्यांचं जमत नव्हतं, त्यालाही मी कारण शोधून ठेवलं होतं. चर्चेचं दीड पान फाडलं. गोषवारा दोन्ही भाषांत बदलला. बाइंडिंगवाल्यानं पहिल्या प्रकरणांचे पैसे परत द्यायला नकार दिला, आणि त्याची चूक नव्हती. प्रबंध सोमवारी न जाता गुरुवारी गेला, विलंबाचा दंड भरून. कॉलेजात पोस्टर लावलं होतं, त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे हे विभागाला लेखी दिलं.

कागदावरचं सगळं असं मिटलं. पण पंचाईत दुसरीच होती. मार्चमध्ये, पहिलं विश्लेषण झालं तेव्हा, मी आनंदानं काकांकडे गेले होते. मोबाइलवर तक्ता दाखवून सांगितलं होतं, काका, तुमची निंबोळी औषधाच्या बरोबरीनं निघाली. ते इतके खूश झाले होते की मलाच भरून आलं. त्याला कारण होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून पाठीवर पंप घ्यायचा म्हटलं की त्यांच्या घरात वाद होतो.

शुक्रवारी त्यांच्याकडे गेले. जून म्हणजे निंबोळ्या पडायचे दिवस. अंगणात ताडपत्रीवर पिवळ्या निंबोळ्या वाळत होत्या, ओसरीत तीन पोती भरून ठेवलेली, चौथं अर्धं. काकू गर धुऊन बिया वेगळ्या करत होत्या. पाच किलो बियांच्या भुकटीचा शंभर लिटर अर्क होतो. पोती बघून मी मनातच हिशेब केला, हे चार-पाच फवारण्यांचं सामान आहे, आणि एका शेतापुरतं नाही.

चहा आला. मी म्हटलं, ‘‘काका, मार्चमध्ये मी जे सांगितलं ते चुकलं होतं.’’

वहीतली ओळ काढून दाखवली, बैल वळतो तसं मी कशी वळले आणि कागद कसा नाही वळला. ते शेतकरी माणूस, त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं.

‘‘म्हंजे निंबोळीनं काईच नाई होत?’’

‘‘होतं. काहीच न फवारता शंभरातली पस्तीस बोंडं किडली. निंबोळीनं एकवीस. त्या औषधानं अकरा.’’

‘‘एकवीस अन् अकरा.’’ त्यांनी पोत्यांकडं पाहिलं. ‘‘बरोबर कुठं हाय हे?’’

‘‘नाही बरोबर. सुरुवातीला, पात्या-फुलं लागताना निंबोळीच फवारा. पण अळीनं मिटवलेल्या डोमकळ्या मोजत राहा. शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, नाहीतर कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले, की त्यापुढं निंबोळीच्या भरवशावर राहू नका. आणि हे एका शेताचं, एका हंगामाचं आहे, काका. तेवढंच धरा.’’

काकू म्हणाल्या, ‘‘मंग आता ह्या पोत्यायचं?’’

‘‘लागतील ना, पहिल्या दोन फवारण्यांना.’’

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला, उठले, आणि पायात चपला घातल्या.

‘‘मी पाच घरी सांगतलं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पाचही घरी पोते भरून ठिवले. चाल मंग. आता तूच सांग त्यायले.’’

मी वही घेतली आणि त्यांच्यामागं निघाले.